घटक ४ : कादंबरीची पाठराखण – मलपृष्ठावरील मजकुराचे लेखन

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण ग्रंथपरिचय आणि ग्रंथसमीक्षा या दोन लेखनप्रकारांचा अभ्यास केला. या घटकात त्यांच्याच जवळचा, आकाराने सर्वांत लहान असा प्रकार पाहू. पुस्तकाच्या मागच्या बाजूला छापल्या जाणाऱ्या मजकुराला प्रकाशनव्यवहारात ‘ब्लर्ब’ म्हणतात. हा शब्द गेलेट बर्जेस या अमेरिकन विनोदी लेखकाने १९०७ मध्ये गमतीने रूढ केला. मराठीत त्यासाठी ‘मलपृष्ठावरील मजकूर’ असे म्हणतात आणि ‘पाठराखण’ हा शब्दही वापरतात.

‘पाठराखण’ हा शब्द लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. नवी नवरी प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत घरातील एखादी जाणती स्त्री पाठवण्याची रीत होती. ती पाठराखीण. नव्या घरात नवरीला कोणी ओळखत नसे. पाठराखणीने चार शब्द बोलून तिची ओळख करून द्यावी, मात्र तिची खोटी स्तुती करू नये आणि तिच्या मनातले सगळे सांगूनही टाकू नये, अशी अपेक्षा असे. लेखकाच्या पहिल्या कादंबरीची स्थिती त्या नवरीसारखी असते. लेखकाचे नाव वाचकाला ठाऊक नसते, आधीचे पुस्तक नसते. दुकानात पुस्तक हाती घेतलेला वाचक ते उलटतो आणि मागचा मजकूर वाचून ते उघडायचे की ठेवून द्यायचे, हे ठरवतो.

या घटकात आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत नेणार आहोत : कोल्हापूर जिल्ह्याच्या वस्त्रोद्योगात जगलेल्या तीन पिढ्यांची पहिलीच कादंबरी. ही कादंबरी सरावासाठी कल्पिलेली आहे. तिच्यामागील शहरे, मिल आणि माग मात्र खरे आहेत, आणि आपल्या विवेचनाचा बराचसा भाग त्या खरेपणाशीच निगडित आहे.

४.२ जागा किती आणि ती कोणासाठी

मराठी कादंबऱ्या बहुधा डेमी आकारात छापल्या जातात. या आकाराचे मलपृष्ठ सुमारे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. त्यात खाली किंमत आणि बारकोडची चौकट येते, लेखकाचे छायाचित्र आणि दोन ओळींचा परिचयही अनेकदा तेथेच असतो. उरलेल्या जागेत वाचता येईल अशा टंकात शंभर ते दीडशे शब्द मावतात. समीक्षेला लागणारा ऐसपैसपणा येथे मिळत नाही. कथानकाचा सारांश, शैलीचे विवेचन आणि मूल्यमापन ही तिन्ही कामे करू पाहणारी पाठराखण एकही काम पुरे करत नाही.

मराठीत मलपृष्ठावर एखाद्या ज्येष्ठ लेखकाचा अभिप्राय किंवा प्रस्तावनेतील उतारा छापण्याची प्रथा आहे. नवोदित लेखकाला त्याचा आधार वाटतो. पण अभिप्रायातून वाचकाला ज्येष्ठ लेखकाचे मत कळते, गोष्ट कळत नाही. म्हणून आपण येथे सही नसलेल्या, गोष्टीकडे नेणाऱ्या पाठराखणीचाच विचार करू.

४.३ हस्तलिखित

समजा, तुमच्या हाती पुढील हस्तलिखित आले आहे.

२०१७ सालची एक सकाळ. इचलकरंजीतील भाड्याच्या गाळ्यात एका कुटुंबाचे चार साधे यंत्रमाग आहेत. आज ते भंगारात विकले जाणार आहेत. भंगारवाल्याला निरोप दिला आहे तो बी. कॉम. झालेल्या, घरचा हिशेब सांभाळणाऱ्या मुलीने. तिचे आजोबा १९६२ मध्ये कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये विणकर म्हणून लागले. मिल बंद होईपर्यंत ते तेथेच होते. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. घरातील माणसे त्यांच्याशी हाताच्या खुणांनी बोलतात. मिल बंद झाल्यावर त्यांना मिळालेल्या रकमेतून त्यांच्या मुलाने, म्हणजे तिच्या वडिलांनी, २००४ मध्ये हे चार जुने माग घेतले आणि व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणायला सुरुवात केली. आता काम मिळत नाही. त्या दिवशी पहाटे आजोबा गाळ्यात जाऊन मागापाशी बसून राहतात.

येथपर्यंतचा भाग पहिल्याच प्रकरणात येतो. त्यानंतर कादंबरी १९६२ कडे मागे जाते आणि क्रमाने पुढे येत शेवटी त्याच सकाळी पोहोचते. मध्यंतरात वाचकाला कळते की, वडिलांनी त्यांपैकी दोन माग कधीच गहाण टाकले होते. अखेरीस तीन माग जातात आणि एक राहतो.

४.४ पहिला खर्डा आणि त्यातील दोष

या हस्तलिखितासाठी विद्यार्थी बहुधा पुढीलसारखा मजकूर लिहितात. हा नमुना मी सरावासाठी तयार केला आहे, पण त्यातील प्रत्येक शब्द तुमच्या ओळखीचा असेल.

“गिरणगावाच्या पार्श्वभूमीवर घडणारी तीन पिढ्यांची विदारक कहाणी. आजोबांचा संघर्ष, वडिलांची जिद्द आणि नातीची घुसमट यांचे हृदयस्पर्शी चित्रण लेखिकेने समर्थपणे केले आहे. जागतिकीकरणाच्या रेट्यात उद्ध्वस्त झालेल्या शहराचे दाहक वास्तव ही कादंबरी मांडते. नात्यांची उसवत जाणारी वीण टिपणारी, मराठी साहित्यात मोलाची भर घालणारी कलाकृती.”

हा मजकूर व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, ऐकायलाही भारदस्त आहे. तरीही तो निकामी का, हे तीन अंगांनी पाहू.

पहिले अंग कर्त्याचे. चार वाक्यांपैकी पहिल्या आणि शेवटच्या वाक्याला क्रियापदच नाही. उरलेल्या दोन वाक्यांत ‘केले आहे’ आणि ‘मांडते’ ही क्रियापदे आहेत. त्यांचे कर्ते अनुक्रमे लेखिका आणि कादंबरी. म्हणजे आजोबा, वडील आणि नात या तिघांपैकी कोणीही संपूर्ण मजकुरात एकही क्रिया करत नाही. त्यांचे वागणे ‘संघर्ष’, ‘जिद्द’, ‘घुसमट’ अशा भाववाचक नामांत गोठवलेले आहे. नाम वापरले की कोणी, केव्हा, काय केले, हे सांगण्याची भाषिक सक्ती संपते. ‘आजोबा मागापाशी जाऊन बसले’ या वाक्यात ती टाळता येत नाही. पाठराखण तपासताना आधी क्रियापदांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाचा कर्ता शोधा. पात्रे कर्तेपदी नसतील तर मजकुरात गोष्ट नाही, असे समजावे.

दुसरे अंग अदलाबदलीचे. ‘गिरणगाव’ काढून तेथे ‘कोळीवाडा’ किंवा ‘ऊसपट्टा’ हा शब्द घालून पाहा. बाकी मजकूर जसाच्या तसा चालतो. दुसऱ्या कोणत्याही कादंबरीला बसू शकणारी पाठराखण या कादंबरीची ओळख करून देत नाही.

तिसरे अंग रूपकांचे. कापडाच्या विषयावर लिहिताना ‘नात्यांची वीण’, ‘आयुष्याचे धागे’, ‘उसवलेली स्वप्ने’ अशी रूपके हाताशी धावून येतात. ज्या कादंबरीत सूत खरोखर तुटते आणि ते जोडायला माग थांबवावा लागतो, तेथे रूपकातला धागा खऱ्या धाग्याची जागा अडवतो. अशा पुस्तकाच्या पाठराखणीत सूत हे सूतच असू द्यावे.

४.५ खोटी माहिती आणि तिची किंमत

आता खर्ड्यातील सर्वांत गंभीर दोषाकडे वळू. तो शैलीचा नसून तथ्याचा आहे.

‘गिरणगाव’ हा शब्द मराठी वाचकाच्या मनात लालबाग-परळ उभे करतो. त्यासोबत १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप आठवतो. हा शब्द वाचून पुस्तक घेणाऱ्याला मुंबईची चाळ आणि संप अपेक्षित असणार. त्याला इचलकरंजीचा गाळा मिळेल. पुस्तक चांगले असूनही तो फसला गेल्याच्या भावनेने वाचेल.

कोल्हापूर जिल्ह्याची कथा वेगळी आहे. येथे मोठी कापड गिरणी म्हणजे कोल्हापूर शहरातील शाहू मिल. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये तिची पायाभरणी केली आणि २००३ मध्ये ती बंद पडली. गिरणीत एका आवारात शेकडो माणसे, ठरलेल्या पाळ्या आणि वेळ सांगणारा भोंगा असतो. इचलकरंजीचा वस्त्रोद्योग मात्र विखुरलेला आहे. तेथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने हा व्यवसाय वाढला आणि पुढे घराघरांत, गल्लीगल्लीत माग बसले. कामगार आणि मागमालक यांच्यातील अंतर तेथे पुष्कळदा अगदी थोडे असते. काल दुसऱ्याच्या मागावर राबणारा माणूस आज जुने चार माग घेऊन मालक होतो, पण सूत व्यापाऱ्याचे आणि कापडही व्यापाऱ्याचेच. मालकाच्या वाट्याला विणाईची मजुरी आणि विजेचे बिल येते.

हा फरक आपल्या कादंबरीचा गाभाच आहे. आजोबा गिरणीचे कामगार होते, त्यांना नोकरी होती आणि ती गेली. वडील नावाचे मालक आहेत, त्यांची नोकरी जाऊ शकत नाही, फक्त काम थांबते. दोघांचे नुकसान एकाच ‘संघर्ष’ या शब्दात कोंबले की तीन पिढ्यांमधील भेदच पुसला जातो. वास्तविक वाचकाला तोच भेद कळायला हवा.

‘उद्ध्वस्त झालेले शहर’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्या. इचलकरंजीत आजही कापड विणले जाते. भंगारात जात आहेत ते धोट्याने चालणारे जुने साधे माग. त्यांच्याऐवजी धोटा नसलेले, कितीतरी अधिक वेगाने विणणारे माग आले आहेत. मात्र ते घेण्यासाठी लागणारे भांडवल चार मागांच्या कुटुंबाजवळ नसते. म्हणजे शहर मेलेले नाही, शहरातील एका प्रकारच्या कुटुंबाची जागा आटत आहे. आज पाळीवर जाणारा कामगार उद्या हे पुस्तक उलटून पाहील. आपले शहर मेल्याचे त्याने मलपृष्ठावर वाचावे, हे अन्यायाचे आहे आणि चूकही आहे.

४.६ तीन पिढ्या, एक क्षण

तीन पिढ्यांच्या कादंबरीची पाठराखण लिहिताना सर्वसाधारण ओढा कालक्रमाकडे असतो. पहिला परिच्छेद आजोबांचा, दुसरा वडिलांचा, तिसरा मुलीचा. असे केल्यास दीडशे शब्दांत पंचावन्न वर्षे बसवावी लागतात. प्रत्येक पिढीला पन्नास शब्द मिळतात आणि पन्नास शब्दांत माणूस उभा राहत नाही. शिवाय वाचकाला वंशावळ मिळते, प्रश्न मिळत नाही.

त्याऐवजी तिन्ही पिढ्या एकाच जागी, एकाच अडचणीसमोर उभ्या आहेत असा क्षण हस्तलिखितात शोधा. आपल्या उदाहरणात तो भंगार विक्रीच्या सकाळी आहे. ज्या मागांत आजोबांच्या मिलचे पैसे आहेत आणि वडिलांची तेरा वर्षे आहेत, ते माग मुलीच्या निरोपावरून विकले जात आहेत. मागचा सारा काळ या एका व्यवहारात आपोआप येतो. तो वेगळा सांगावा लागत नाही.

असा क्षण निवडताना एक मर्यादा पाळावी. तो पुस्तकाच्या प्रारंभीच्या भागातला असावा. शंभर पानांनंतर येणारा प्रसंग मलपृष्ठावर आला तर वाचक ती शंभर पाने त्याचीच वाट पाहत वाचतो. आपला क्षण पहिल्याच प्रकरणात आहे, म्हणून तो वापरता येतो. गहाण टाकलेल्या दोन मागांचे रहस्य आणि शेवटी उरणारा एक माग यांचा मात्र उच्चारही करता येणार नाही. ‘अनपेक्षित शेवट’ असे म्हणणेही टाळावे, कारण त्या शब्दांनी वाचक शेवटाबाबत सावध होतो.

याच टप्प्यावर नातेवाचक शब्दांचा निर्णय करावा लागतो. ‘आजोबा’, ‘वडील’, ‘नात’ असे आपण सहज लिहितो. पण ‘आजोबा’ आणि ‘वडील’ हे शब्द मुलीच्या जागेवरून उच्चारलेले आहेत, तर ‘नात’ हा शब्द आजोबांच्या जागेवरून. एका वाक्यात हे तिन्ही आले की वाचकाला उभे राहण्याची जागा नक्की होत नाही. आपण मुलीच्या बाजूने सांगणार असू, तर तिला ‘नात’ न म्हणता ‘ती’ म्हणावे लागेल. केवळ या बदलाने निर्णय कोणाचा आणि ओझे कोणावर, हे वाचकाला न सांगता कळते.

४.७ सुधारित मजकूर

आतापर्यंतच्या विवेचनाप्रमाणे केलेला खर्डा असा :

“भंगारवाल्याचा टेम्पो दहा वाजता येणार आहे. निरोप तिनेच दिला आहे.

इचलकरंजीतल्या भाड्याच्या गाळ्यातले चार साधे माग आज किलोच्या भावाने जायचे आहेत. कोल्हापूरची शाहू मिल बंद पडली तेव्हा आजोबांच्या हाती आलेल्या पैशांतून ते घेतलेले. तेरा वर्षे वडिलांनी ते दोन पाळ्या चालवलेले. आता व्यापारी विणायला सूत देत नाही आणि विजेचे बिल थांबत नाही. हिशेबाची वही तिच्याकडे असते. तिने बेरीज दोनदा करून पाहिली आहे.

पण पहाटेच आजोबा गाळ्यात जाऊन पहिल्या मागापाशी बसले आहेत. मागांच्या आवाजाने त्यांचे कान गेले. त्यांच्याशी बोलायचे ते हाताच्या खुणांनी. जेवणाची खूण आहे, औषधाची आहे, पाळी सुटल्याची आहे.

माग विकल्याची खूण या घरात अजून कोणी केलेली नाही.

एका सकाळची आणि पंचावन्न वर्षांची कादंबरी.”

हा मजकूर शंभर शब्दांच्या आसपास आहे. त्यातील भाषिक निवडी पाहा. मुख्य प्रसंगासाठी ‘येणार आहे’, ‘दिला आहे’, ‘बसले आहेत’ अशी वर्तमानाशी जोडलेली रूपे आहेत. त्यामुळे प्रसंग वाचकासमोर घडत राहतो. मागचा काळ ‘घेतलेले’, ‘चालवलेले’ या धातुसाधितांनी सांगितला आहे. मराठीत ही रूपे पार्श्वभूमीला सरकतात, म्हणून दोन छोट्या वाक्यांत तेरा वर्षे सामावतात आणि तरी मुख्य क्षणाला धक्का लागत नाही.

पात्रे आता कर्ते आहेत : ती निरोप देते, बेरीज करते. आजोबा जाऊन बसतात. एकाही भावनेचे नाव घेतलेले नाही. ‘बेरीज दोनदा करून पाहिली’ यातून तिची घालमेल वाचक स्वतः ओळखतो.

व्यवसायातले शब्द मोजकेच ठेवले आहेत. हस्तलिखितात ‘बीम’, ‘कांडी’, ‘सायझिंग’ असे अनेक शब्द असतील आणि कादंबरीत ते हवेतच. पण मलपृष्ठावर पुण्याच्या किंवा नांदेडच्या वाचकाला ‘व्यापारी बीम देत नाही’ हे वाक्य अडवेल. म्हणून तेथे ‘विणायला सूत’ असे लिहिले. ‘साधे माग’ हा शब्द मात्र ठेवला, कारण तो न अडवता कळतो आणि त्यातच जुन्या-नव्या मागांचा भेद सूचित होतो.

शेवटच्या ओळीत स्तुतीचे विशेषण नाही. पुस्तकाची रचना कशी आहे, एवढेच ती सांगते, आणि ते पुस्तकाशी ताडून पाहता येते.

४.८ छपाईपूर्वीची तपासणी

मजकूर तयार झाला की कादंबरी न वाचलेल्या व्यक्तीला तो एकदाच वाचून दाखवा आणि कागद बाजूला ठेवा. मग विचारा : गोष्ट कोणाची? अडले कुठे आहे? हे कोणत्या गावी घडते? तिन्ही उत्तरे मिळाली तर पाठराखण काम करते. त्यानंतर विचारा : शेवटी काय होईल? ऐकणाऱ्याने ठामपणे उत्तर दिले तर तुम्ही जास्त सांगून बसला आहात. ‘विकतील की नाही, कोण जाणे’ असे उत्तर आले तर मजकूर योग्य जागी थांबला आहे.

दुसरी तपासणी लेखकाकडून करून घ्यावी. सालाचा, गावाचा आणि वस्तूचा प्रत्येक उल्लेख हस्तलिखितातील पानाशी जुळवावा. लेखक शेवटच्या संस्करणात चाराचे सहा माग करतो आणि मलपृष्ठावर चारच राहतात, अशा चुका सर्रास होतात. प्रकाशकाने विक्रीसाठी ‘विदारक’ किंवा ‘अस्सल’ असा शब्द घालण्याचा आग्रह धरल्यास तो शब्द कोणत्या वाक्याचे काम करणार आहे, असे विचारावे. उत्तर नसेल तर शब्दाला जागा नाही.

४.९ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. तुमच्या संग्रहातील कोणत्याही तीन कादंबऱ्यांच्या मलपृष्ठांवरील क्रियापदे अधोरेखित करा. प्रत्येक क्रियापदाचा कर्ता पात्र, लेखक की पुस्तक, याची नोंद करून निष्कर्ष लिहा.

२. ४.७ मधील मजकूर आजोबांच्या बाजूने पुन्हा लिहा. नातेवाचक शब्दांत कोणते बदल करावे लागले आणि त्यामुळे वाचकासमोरील प्रश्न कसा बदलला, ते पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

३. तुमच्या परिसरातील मागे पडत चाललेला एक व्यवसाय निवडा. त्या व्यवसायात नेमके काय संपत आहे आणि काय टिकून आहे, हे प्रत्यक्ष त्यात काम करणाऱ्या व्यक्तीकडून समजून घ्या. ‘उद्ध्वस्त’ या अर्थाचा कोणताही शब्द न वापरता ते साठ शब्दांत लिहा.